मलप्रभेत बांगडा: एका नमुन्याची उलटतपासणी

मलप्रभा खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावते, खानापूरवरून पूर्वेला वाहते, सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात अडते आणि कूडलसंगमला कृष्णेत विसर्जित होते. या सगळ्या वाटेवर तिची समुद्राशी कुठेच गाठ पडत नाही. त्यामुळे पाण्यातल्या डीएनएवरून मासे ओळखायला खानापूरजवळून आणलेल्या पाण्याच्या बाटल्यांच्या निकालात बांगडा निघाला, तेव्हा प्रयोगशाळेत आधी हशा झाला आणि मग शांतता पसरली. कारण त्याच डोहातून एका गृहस्थांनी त्याच संध्याकाळी आमच्या डोळ्यांदेखत दोन वाम गळाला लावल्या होत्या, आणि अंतिम यादीत वाम नव्हती.

प्रकरण मांडण्याआधी एक खुलासा. हे प्रकरण मी एम.एस्सी.च्या वर्गात शिकवण्यासाठी जुळवलेलं आहे. आकडे वर्गासाठी बेतलेले आहेत आणि माणसं बिननावाची आहेत, त्यामुळे मलप्रभेतल्या माशांची गणती म्हणून कुणी हे वाचू नये. पण यातली प्रत्येक चूक घडण्यासारखी आहे, आणि बहुतेक चुका नेहमी घडतात.

पद्धत थोडक्यात अशी. मासे पाण्यात अंगावरचा चिकट स्राव, विष्ठा आणि झडलेल्या पेशी सोडत राहतात, आणि त्यातला डीएनए काही काळ पाण्यात टिकतो. एक लिटर पाणी बारीक छिद्रांच्या फिल्टरमधून गाळायचं, फिल्टरवर अडकलेला डीएनए काढायचा आणि त्यातला माशांच्या डीएनएचा एक छोटा तुकडा पीसीआरने, म्हणजे चक्रागणिक त्याच्या प्रती दुप्पट करत, वाढवायचा. मग लाखो तुकडे एकदम वाचून प्रत्येक तुकडा कोणत्या माशाचा हे संदर्भसंग्रहाशी ताडून पाहायचं. त्या प्रत्येक वाचनाला आम्ही रीड म्हणतो. तुकडा मायटोकॉन्ड्रियातल्या १२एस जनुकातला, साधारण १७० अक्षरांचा. तो उचलणारे डीएनएचे आखूड धागे, म्हणजे प्रायमर, २०१५ साली मासाकी मिया आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. ‘मायफिश’ हे त्यांचं नाव, आणि आम्हीही तेच वापरतो:

```
MiFish-U-F  GTCGGTAAAACTCGTGCCAGC
MiFish-U-R  CATAGTGGGGTATCTAATCCCAGTTTG
```

या प्रायमरची पहिली परीक्षा जपानमधल्या ओकिनावा चुराउमी मत्स्यालयाच्या टाक्यांवर झाली. तिथे कोणते मासे आहेत हे आधीच ठाऊक होतं. १८० जातींपैकी १६८ सापडल्या. म्हणजे काचेच्या आत, डोळ्यांसमोर पोहणाऱ्या १२ जाती पाण्यातून दिसल्याच नाहीत. नदीत उतरताना हा आकडा खिशात ठेवलेला बरा.

आम्ही नोव्हेंबरच्या शेवटी तीन ठिकाणं घेतली. ‘ए’ कणकुंबीच्या खाली, जिथे नदी अजून ओढ्यासारखी आहे. ‘बी’ खानापूरच्या वरच्या अंगाला एक सावलीतला डोह, काठाला जांभळीची दाटी आणि तळाला पानांचा थर. ‘सी’ शहराच्या खाली, गावातलं सांडपाणी नदीला मिळतं त्याच्या पुढे. पावसाळ्यात इथे येण्यात अर्थ नाही, लाल गढूळ पाण्याने फिल्टर पाव लिटरलाच चोंदतो. प्रत्येक ठिकाणी एक-एक लिटरच्या तीन बाटल्या आणि एक ब्लँक. हा ब्लँक म्हणजे प्रयोगशाळेतून नेलेलं शुद्ध पाणी. ते काठावर उघडायचं, त्याच हातमोज्यांनी, तशाच बाटलीत ओतायचं, त्याच सिरिंजने गाळायचं. त्याला नदी दाखवायची नाही, बाकी सगळं तेच करायचं. पुढे डीएनए काढताना एक कोरा फिल्टर, आणि पीसीआरमध्ये डीएनएच्या जागी नुसतं पाणी, असे आणखी दोन ब्लँक. जोडीला एक होकारार्थी तपासणी: अटलांटिक कॉडचा डीएनए. कॉड अशासाठी की तो मलप्रभेत नाही आणि खानापूरच्या बाजारातही नाही, त्यामुळे तो भलत्या नमुन्यात दिसला तर आमच्याकडूनच सांडला हे नक्की. प्रत्येक बाटलीचे तीन पीसीआर वेगवेगळे केले आणि प्रत्येकाला ओळखखूण म्हणून स्वतंत्र इंडेक्स लावला.

निकालातल्या दोनच जाती इथे घेतो. एका नमुन्याला सरासरी साठ हजार रीड मिळाले होते, त्यात बांगडा आणि वाम यांचे असे:

```
sample      bangda   vaam
A1-A3            0      0
A_blank          0      0
B1               0      0
B2               0     14
B3             410      0
B_blank        290      0
C1            1240      0
C2             980      0
C3            1510      0
C_blank          0      0
ext_blank        0      0
pcr_blank        0      0
```

विश्लेषणाचं काम एका विद्यार्थिनीकडे होतं. तिने जे केलं ते अनेक अहवालांत असतं. सगळ्या ब्लँकमधला सर्वांत मोठा आकडा घेतला, २९०. मग सगळ्या नमुन्यांत, सगळ्या जातींसाठी, २९० किंवा त्याहून कमी असेल ते शून्य केलं. निकाल स्वच्छ दिसू लागला. ‘बी३’ आणि ‘सी’मधला बांगडा तसाच राहिला, वामचे चौदा रीड गेले आणि त्यांच्याबरोबर लहान आकड्यांच्या आणखी सात जाती गेल्या. चाळणीने चोर सोडला आणि साक्षीदार बाहेर काढला.

आता बांगड्याकडे वळू. भलता मासा दिसला की तीन शक्यता एकेक करून तपासायच्या: यंत्रात मिसळला, हाताने आला, किंवा खरंच पाण्यात होता.

यंत्रातली मिसळ म्हणजे एका नमुन्याचा इंडेक्स चुकून दुसऱ्याच्या तुकड्याला चिकटणं. ती किती झाली हे कॉड सांगतो. त्याचे स्वतःच्या नळीत ५८,००० रीड होते आणि दुसऱ्या कुठल्याही नमुन्यात जास्तीत जास्त ९. म्हणजे गळती दर दहा हजाराला दीड-दोनच्या घरात. बांगड्याचे सगळे मिळून रीड साडेचार हजारही नाहीत, तर त्यांची गळती एखाद-दुसरा रीड असेल. ४१० आणि २९० त्यात बसत नाहीत. प्रयोगशाळेतले दोन्ही ब्लँक शून्य आहेत, त्यामुळे किटमधून किंवा पीसीआरच्या पाण्यातून तो आला असंही दिसत नाही. राहिला नदीकाठ.

इथे कामाला आली ती आमची नोंदवही. ‘बी’ ठिकाणी पहिली बाटली १२:३० ला, दुसरी १२:५० ला आणि तिसरी २:०५ ला भरली होती. ब्लँक २:२० ला. मधल्या सव्वा तासापुढे काही लिहिलेलं नव्हतं, पण विचारावं लागलं नाही. डब्यात काय होतं ते सगळ्यांनाच आठवत होतं. बेळगाव-खानापूरकडे गोवा-मालवणचा मासा रोज येतो आणि रव्यात तळलेला बांगडा नदीकाठी सोडून देण्याइतका विरक्त माणूस आमच्यात नव्हता. हात धुतले होते, हो. पण नवे हातमोजे ज्या खोक्यातून काढले, ते खोकं त्याच हातांनी उघडलं होतं.

माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट त्या ब्लँकची वेळ आहे. तो पोचल्या पोचल्या केला असता तर शून्य आला असता, आणि ‘बी३’चा बांगडा आम्ही नदीचा म्हणून लिहून मोकळे झालो असतो. ब्लँक फक्त स्वतःच्या क्षणापर्यंतच्या हातांची ग्वाही देतो. म्हणून तो शेवटी करावा, आणि मध्ये कुणी जेवलं, गाडीत बसलं किंवा कोळ्याच्या जाळ्याला हात लावला, तर त्यानंतर आणखी एक करावा. पन्नास रुपयांचं पाणी वाचवून इथे काही मिळत नाही.

‘सी’ची गोष्ट वेगळी. तिथला ब्लँक शून्य आहे आणि तिन्ही बाटल्या हजार-दीड हजाराच्या आसपास एकमेकींशी जुळतात. हातातून आलेली घाण अशी समान वाटली जात नाही, ती एका बाटलीत धो-धो आणि दुसरीत काहीच नाही अशी येते, ‘बी’ला आली तशी. म्हणजे ‘सी’च्या पाण्यात बांगड्याचा डीएनए खरोखर होता. मासा मात्र नव्हता. मासळी धुतलेलं पाणी, स्वयंपाकघरातली मोरी, काटे-डोकी टाकलेला ओढा, यांतून तो नदीत आला. याला खोटं होकारार्थी उत्तर म्हणतात खरं, पण प्रयोगात चूक नाही, अर्थ लावण्यात आहे. बांगडा समुद्रातला म्हणून लगेच पकडला गेला. बाजारात रोहूही येतो आणि रोहू नदीतही सोडलेला असतो. ‘सी’मधला रोहू नदीतला किती आणि ताटातला किती, हे या आकड्यांवरून वेगळं काढता येत नाही. म्हणून अहवालात ‘सी’च्या रोहूपुढे मी ‘अनिर्णित’ लिहायला लावलं. बांगड्याचा हा एक उपयोग झाला: ताटातला डीएनए इथे किती येतो याचं ते मोजमाप ठरलं.

आता वाम. ब्लँकमध्ये बांगडा २९० आला, त्यावरून वामबद्दल काय कळतं? काहीच नाही. उंबरठा जातीगणिक ठरवायला हवा. बांगड्याचा उंबरठा बांगड्याच्या ब्लँकवरून आणि वामचा वामच्या. वाम तर एकाही ब्लँकमध्ये नाही. मग ते चौदा रीड दुसऱ्या नमुन्यातून गळून आले असतील का? त्यासाठी कुठेतरी वामचा मोठा साठा हवा. यंत्राच्या या संपूर्ण रनमध्ये वाम दुसरीकडे कुठेही नव्हती. विहीरच नाही तर पाझर कुठला? मागच्या रनचा अवशेष यंत्रात राहू शकतो, तेही पाहिलं: आधीच्या रनमध्ये गोड्या पाण्यातल्या माशांचे नमुनेच नव्हते. आणि गळाला वाम लावणारे मामा आले तेव्हा आमच्या बाटल्या भरून बर्फात गेल्या होत्या. एवढं झाल्यावर ते चौदा रीड खरे मानायला माझी हरकत नव्हती, फक्त ते तीन पीसीआरपैकी एकातच होते, म्हणून पुन्हा करून पाहायचं ठरलं.

मुळात इतके कमी का? पहिला संशय त्या पानांच्या थरावर. कुजणाऱ्या पानांतली टॅनिन आणि मातीतली ह्यूमिक आम्लं डीएनएबरोबर अर्कात येतात आणि पीसीआरचं एन्झाइम दाबून टाकतात. याची तपासणी सोपी आहे. मोजून घेतलेला एक परका, कृत्रिम डीएनए शुद्ध पाण्यात टाकायचा आणि तेवढाच नमुन्याच्या अर्कात टाकायचा, मग दोन्हीकडे तो कितव्या चक्राला दिसतो ते पाहायचं. शुद्ध पाण्यात तो २४व्या चक्राला दिसला, ‘बी१’च्या अर्कात २८व्या. चार चक्रांचा उशीर, प्रत्येक चक्रात दुप्पट धरली तर सोळापट दाब. अर्क दहापट पातळ केला तेव्हा उशीर एका चक्राच्याही आत आला. पण यात एक पेच आहे. पातळ करताना दाबणारा पदार्थ दहापट कमी होतो, तसा वामचा डीएनएही दहापट कमी होतो. दाब जास्त असेल तरच हा सौदा परवडतो. आणि जिथे तुकडे मोजकेच उरलेत तिथे प्रत्येक पीसीआरला तो हाती लागेलच असं नाही, म्हणून पीसीआरची संख्या वाढवावी लागते.

आम्ही ‘बी’च्या तिन्ही अर्कांचे, पातळ करून, आठ-आठ पीसीआर केले. ‘बी१’मध्ये आठांपैकी दोनांत वाम दिसली, ‘बी२’मध्ये तीनांत, ‘बी३’मध्ये एकातही नाही. त्याच वेळी सगळे ब्लँकसुद्धा आठ-आठ वेळा चालवले, त्यांत वाम शून्य. हे शेवटचं वाक्य बऱ्याचदा राहून जातं. नमुन्याला आठ संधी आणि ब्लँकला एकच, असा खेळ केला तर नमुना नेहमी जिंकतो.

मामांना मी काठावर सहज म्हटलं होतं की आम्हाला पाण्यात वाम मिळते का बघायचं आहे. ते हसले. “दिवसा वरच्या पाण्यात कुठली वाम, सर? ती खाली दगडाच्या कपारीत नाहीतर वाळूत तोंड खुपसून. दिवस मावळल्यावर या की.” वाम निशाचर आहे हे आम्ही पुस्तकात वाचलेलं होतं आणि भर दुपारी, गुडघाभर पाण्यात उभं राहून, हाताच्या अंतरावरून पाणी भरत होतो. संथ डोहात डीएनएचे कण तळाशी बसतात, वर थोडेच येतात. शिवाय वरच्या थरात चिलापीचा डीएनए एवढा की साठ हजारांतले चाळीस हजार रीड तीच खाऊन टाकते. रीडची संख्या ठरलेली असते, त्यामुळे जो जास्त तो जागा अडवतो आणि मोजक्या तुकड्यांच्या जातीला रांगेत नंबर लागत नाही.

तीन बाटल्या पुरेशा होत्या का, हा प्रश्न विद्यार्थिनीने विचारला, आणि तो हिशेब फळ्यावर दोन ओळींत होतो. समजा वाम डोहात आहे आणि एका बाटलीत ती सापडण्याची शक्यता ०.३ आहे. तिन्ही बाटल्यांत न सापडण्याची शक्यता ०.७ × ०.७ × ०.७, म्हणजे सुमारे ०.३४. तीनातल्या एका वेळी आपण असलेला मासा ‘नाही’ म्हणून लिहू. ही शक्यता ०.०५ च्या खाली आणायची तर नऊ बाटल्या लागतात. आठ बाटल्यांनी ती जेमतेम ०.०६ पर्यंत येते. तिला हे पटलं, आणि लगेच तिने बिल किती होईल ते विचारलं, तेही रास्तच.

हरवण्याचा आणखी एक प्रकार या रनमध्ये होता, तो वामपेक्षा कमी नाट्यमय पण जास्त चिवट. ‘ए’ ठिकाणी एका तुकड्याचे दोन हजारांवर रीड होते, तिन्ही बाटल्यांत, आणि यादीत त्याचं नाव नव्हतं. संगणकाला सांगितलं होतं की संदर्भाशी ९७ टक्के जुळलं तरच नाव द्यायचं. १७० अक्षरांत याचा अर्थ पाचपर्यंत फरक चालतात. हा तुकडा ओढ्यातल्या दगडांत राहणाऱ्या लोच माशांच्या कुळाशी जवळचा होता, पण सगळ्यात जवळच्या संदर्भापासून ११ अक्षरं दूर. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या या छोट्या माशांच्या सगळ्या जाती संदर्भसंग्रहात नाहीत. इथून फार दूर नसलेल्या आंबोलीतला शिस्टुरा हिरण्यकेशी तर २०२० सालीच शास्त्राला माहीत झाला. म्हणजे मासा सापडला, पण त्याची ओळख पटवणारं कुणी नव्हतं म्हणून त्याला परत पाठवलं. उपाय प्रयोगशाळेत नाही. जाळी घेऊन ओढ्यात उतरायचं, मासा परवानगीने पकडायचा, ओळखणाऱ्याकडून ओळखून घ्यायचा आणि त्याचा १२एस वाचून संग्रहात घालायचा. महसीरांची अडचण उलटी आहे. त्यांच्या काही जातींचा हा तुकडा इतका सारखा की नाव ‘टोर’ या गटापुरतंच द्यावं, पुढे जातीपर्यंत जाऊ नये.

फेब्रुवारीत आम्ही ‘बी’ला परत गेलो, या वेळी दिवस मावळल्यावर, काठीला बाटली बांधून तळाजवळचं पाणी घेत. नऊ बाटल्या, हातमोजे दोन-दोन थरांचे, वरचा थर प्रत्येक बाटलीला बदलायचा, आणि ब्लँक दोन: एक मध्ये, एक शेवटी. सामान दहा टक्के ब्लीचमध्ये दहा मिनिटं बुडवून तीनदा शुद्ध पाण्याने खंगाळलं. तीनदा अशासाठी की बाटलीत राहिलेलं ब्लीच नमुन्यातला डीएनएही तितक्याच निष्ठेने तोडतं, आणि मग ब्लँकबरोबर नदीही स्वच्छ दिसते. वाम नवांपैकी चार बाटल्यांत आली. दोन्ही ब्लँकमध्ये ना वाम, ना बांगडा.

‘सी’साठी सांडपाणी मिळण्याच्या जागेच्या दोनशे मीटर वर तीन बाटल्या घेतल्या आणि खाली तीन. वर बांगडा शून्य, खाली तिन्हींत.

माझ्याकडून एक गफलत मात्र झाली. दुसऱ्या फेरीत वेळही बदलली आणि खोलीही बदलली, दोन्ही एकदम. पातळ करण्याचा फायदा किती हे पहिल्या फेरीच्या अर्कांवरून कळलं होतं, पण चार बाटल्या अंधारामुळे मिळाल्या की तळामुळे, हे आता सांगता येत नाही. त्यासाठी दुपारी तळाजवळून नऊ आणि संध्याकाळी वरून नऊ, असा एक दिवस अजून लागेल. डोह एप्रिलच्या आत गाठायचा आहे, त्यानंतर तिथे गुडघाभरही पाणी राहत नाही.